केस रंगवल्यानंतर तांदळाचे पाणी आणि दह्याचा लेप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पर्मनंट हेअर कलर, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा रंग, वापरणाऱ्यांसाठी आहे. पार्लरमध्ये लावलेला असो वा घरी खोका आणून लावलेला, रंगानंतर केस कोरडे वाटू लागले की स्वयंपाकघरातील दोन गोष्टींकडे हात जातो: तांदळाचे पाणी आणि दही. त्यांच्याकडून काय मिळते, काय मिळत नाही आणि नागपूरच्या उन्हात व पाण्यात कोणती काळजी घ्यावी, ते पुढे दिले आहे.

रंगवल्यानंतर केस खरखरीत का होतात?

पर्मनंट रंगात अमोनिया किंवा त्याच्यासारखा दुसरा अल्कधर्मी पदार्थ असतो आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड असते. पार्लरमध्ये ज्याला ‘२० व्हॉल्यूम’ म्हणतात, त्या डेव्हलपरमध्ये ते सुमारे ६ टक्के असते. अल्कधर्मी मिश्रणामुळे केस फुगतो, त्याच्यावरचे माशाच्या खवल्यांसारखे आवरण सैल होते आणि रंगाचे लहान रेणू आत शिरतात. पेरॉक्साइडच्या क्रियेने ते आत एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि म्हणून अडकून राहतात.

या प्रक्रियेत केसाच्या पृष्ठभागावर मुळातच चिकटलेला एक अतिशय पातळ स्निग्ध थर बऱ्याच अंशी निघून जातो. हा थर असेपर्यंत केस पाणी झटकतो आणि एका केसावरून दुसरा केस सहज सरकतो. तो गेला की केस पाणी भराभर शोषतो, उशिरा वाळतो आणि कंगवा अडकू लागतो. खरखर जाणवते ती मुख्यतः या वाढलेल्या घर्षणामुळे. टाळूच्या बाहेर आलेला केस हा जिवंत भाग नसल्यामुळे तो थर पुन्हा तयार करत नाही. यापुढे आपण जे काही लावतो, त्याने गेलेल्या थराची तात्पुरती उणीव भरून निघते, इतकेच.

तांदळाच्या पाण्यात नेमके काय असते?

सर्वांत जास्त पाणी, त्यानंतर स्टार्च, आणि अगदी थोड्या प्रमाणात प्रथिने, अमिनो आम्ले, खनिजे व इनोसिटॉल. मात्र ‘तांदळाचे पाणी’ या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू वापरल्या जातात आणि बराचसा गोंधळ तेथूनच सुरू होतो. तांदूळ धुतल्यावर किंवा भिजवल्यावर निघणारे दुधट धुवण पातळ असते. भात शिजवून काढलेली पेज दाट असते, कारण शिजताना स्टार्च फुगून पाण्यात उतरतो. सुती साडीला कांजी करतात ती याच गुणामुळे: स्टार्च धाग्यावर बसतो, वाळतो आणि कापड ताठ होते. दाट पेज केसांवर वाळू दिली तर तेथेही तेच घडते, फक्त केसांना हा ताठपणा नको असतो.

मग लावल्यानंतर केस गुळगुळीत का वाटतात?

पातळ धुवण लावून नीट धुतले तर स्टार्चचा अगदी विरळ थर मागे राहतो. तो उघड्या पडलेल्या खवल्यांवरून पसरतो, केस किंचित जाड भासतात आणि काही वेळ सरकतातही बरे. हा अनुभव खोटा नाही. जपानमध्ये तांदूळ धुतलेल्या पाण्याने केस धुण्याची जुनी परंपरा आहे, आणि तिच्यावर तेथील संशोधकांनी २०१० मध्ये एक संक्षिप्त अहवाल प्रसिद्ध केला. त्यात केसांच्या पृष्ठभागाचे घर्षण कमी झाल्याचे आणि लवचीकता वाढल्याचे म्हटले आहे. घरगुती तांदळाच्या पाण्याच्या बाजूने वारंवार सांगितला जाणारा पुरावा हाच आहे. तो एक लहान अहवाल आहे, त्यावरून रंग टिकतो किंवा केस वाढतात असा निष्कर्ष काढता येत नाही.

चीनच्या ग्वांग्शी स्वायत्त प्रदेशातील याओ स्त्रियांच्या लांबसडक केसांचे उदाहरणही हमखास दिले जाते. त्यांच्या परंपरेबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हे लक्षात घ्यावे लागेल की त्या स्त्रिया केस क्वचितच कापतात आणि त्यांच्या आनुवंशिकतेचा, आहाराचा व राहणीचा वाटा तांदळाच्या पाण्यापासून वेगळा काढून कोणी मोजलेला नाही.

दही काय करते?

दही दोन कामे करते. एक म्हणजे ते आम्लधर्मी असते. त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४ ते ४.५ च्या आसपास असतो. रंगाच्या मिश्रणाने केस अल्कधर्मी झालेला असतो, आणि सौम्य आम्लात केसाचा फुगवटा कमी होऊन खवले अधिक सपाट बसतात. त्यामुळे चमक वाढल्यासारखी दिसते. दुसरे म्हणजे सायीसकट लावलेल्या दह्यातील स्निग्धांश केसावर हलका लेप सोडतो आणि गुंता सुटणे सोपे होते.

पहिल्या मुद्द्याला एक मर्यादा आहे. रंगाच्या खोक्यात मिळणारे कंडिशनर आणि बाजारातील बहुतेक साधे कंडिशनरदेखील आम्लधर्मीच असतात. म्हणजे रंग धुतल्याबरोबर ते लावले असेल, तर आम्लाचे काम त्याच दिवशी झालेले असते, आणि आठवड्याने लावलेल्या दह्याला त्या बाबतीत नव्याने करण्यासारखे फारसे उरत नाही.

‘दह्यातील प्रोटीन केसात मुरते’ हे खरे आहे का?

दह्यातील मुख्य प्रथिन केसीन आहे. त्याचे रेणू मोठे असतात, शिवाय दह्यात ते एकमेकांना चिकटून जाळे बनवतात. दही घट्ट लागते ते त्यामुळेच. इतका मोठा समूह केसाच्या आत शिरत नाही. सौंदर्यप्रसाधनांमध्ये प्रथिने वापरतात तेव्हा ती रासायनिक प्रक्रियेने बारीक तुकड्यांत तोडलेली असतात, आणि त्यांतलेही सर्वांत लहान तुकडेच थोडेफार आत जातात. वाटीभर दह्यात ही तोडफोड झालेली नसते. ते वरच राहते आणि धुतले की बहुतांशी निघून जाते.

याच ओघात ‘तुटलेले बंध जोडते’ हा दावाही पाहू. केसाची ताकद ज्या गंधकाच्या बंधांवर अवलंबून असते, त्यांतले काही पेरॉक्साइडमुळे कायमचे बदलतात. तांदळाचे पाणी किंवा दही ते पुन्हा जोडते, असे दाखवणारा पुरावा उपलब्ध नाही. तांदळातील इनोसिटॉल केसात शिरून आतून दुरुस्ती करते असेही सांगितले जाते. मात्र धुवणात ते फार थोडे असते, आणि घरच्या धुवणाने रंगवलेले केस दुरुस्त होतात हे स्वतंत्र चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. पाकिटावर किंवा व्हिडिओत ‘रिपेअर’ हा शब्द दिसला की तो पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणापुरताच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या लेपांमुळे रंग जास्त दिवस टिकतो का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वाधिक निराश करणारे आहे. घरगुती तांदळाच्या पाण्याने किंवा दह्याने केसातील रंग ‘लॉक’ होतो याला पुरावा नाही. रंग उतरतो तो प्रामुख्याने पाण्यामुळे. केस भिजला की फुगतो आणि रंगाचे रेणू हळूहळू बाहेर झिरपतात. शाम्पूमुळे हा वेग वाढतो. आधीच सच्छिद्र झालेल्या केसातून ते आणखी सहज निघतात. लालसर आणि तांबूस छटा तर इतर छटांच्या आधी फिकट होतात.

यातून एक गोष्ट ओघानेच येते, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. लेप लावण्यासाठी केस ओले करावे लागतात, लेप काढण्यासाठी पुन्हा धुवावे लागतात, आणि दह्याचा वास जाण्यासाठी बऱ्याचदा शाम्पूही लागतो. आठवड्यातून दोनदा केस धुणाऱ्या व्यक्तीने दोन जादा लेप घेतले, तर तिचे केस आठवड्यातून चारदा धुतले जातात. रंग टिकवण्यासाठी केलेला उपायच रंग उतरवण्यास हातभार लावतो. म्हणून लेप घ्यायचाच असेल तर तो ठरलेल्या धुण्याच्या दिवशीच घ्यावा, त्यासाठी वेगळे धुणे वाढवू नये.

नागपूरकरांसाठी उन्हाचा मुद्दा याच्याइतकाच महत्त्वाचा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर असताना दुपारी गाडीवर निघालेल्या व्यक्तीच्या केसांवरची छटा अतिनील किरणांनीही फिकट होते. येथे मुली तोंडासकट पूर्ण डोके झाकून स्कार्फ बांधतात, ती सवय रंगासाठी कोणत्याही लेपापेक्षा उपयोगी आहे.

तांदळाच्या पाण्याने केस वाढतात का?

केस वाढतात असे दाखवणारा विश्वासार्ह पुरावा नाही. तांदळाच्या पदार्थांचा आणि केसांच्या वाढीचा पद्धतशीर आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तांदळाच्या कोंड्यापासून काढलेल्या अर्काबद्दल काही आशादायक निष्कर्ष आढळले, पण तांदळाच्या पाण्याच्या दाव्यांना आधार सापडला नाही. कोंड्याचा अर्क आणि घरचे धुवण या भिन्न वस्तू आहेत.

पाणी आंबवून वापरणे जास्त गुणकारी असते का?

आंबवल्यावर पाण्याची आम्लता वाढते, त्यामुळे खवले सपाट बसण्याच्या बाबतीत त्याला थोडा फायदा असू शकतो. त्यापलीकडे रंगवलेल्या केसांवर ते साध्या धुवणापेक्षा सरस ठरते असे सिद्ध झालेले नाही.

धोका मात्र निश्चित वाढतो. व्हिडिओंमध्ये ‘एक-दोन दिवस बाहेर ठेवा’ असे सांगितलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावर ठेवलेले पाणी काही तासांतच आंबू लागते, आणि त्यात कोणते जंतू वाढले हे घरी कळण्याचा मार्ग नसतो. आंबूस वास येणे वेगळे आणि कुजका वास येणे वेगळे. वरती तवंग, गुलाबी, हिरवट किंवा काळे ठिपके, तार सुटणे यांपैकी काहीही दिसले तर ते टाकून द्यावे. टाळू खाजवून सोललेली असेल किंवा रंगामुळे चुरचुरत असेल, तर आंबवलेले पाणी लावूच नये. माझा आग्रह असा की उन्हाळ्यात हा प्रकार वगळावा आणि ताजे धुवणच वापरावे.

कोणता तांदूळ घ्यावा?

घरात जो असेल तो. एचएमटी, श्रीराम, चिन्नोर किंवा बासमती, यांपैकी कोणाचे धुवण केसांना अधिक चांगले, हे सांगणारा पुरावा नाही, तेव्हा महाग तांदूळ त्यासाठी आणू नये.

करायचेच असेल तर योग्य पद्धत कोणती?

तांदळासाठी अर्धी वाटी तांदूळ घ्यावा. पहिले पाणी धूळमातीचे असते, ते फेकून द्यावे. नंतर दोन वाट्या स्वच्छ पाण्यात तांदूळ अर्धा तास भिजवावा, हाताने ढवळावा आणि पाणी गाळून घ्यावे. ते ताकाच्या निवळीसारखे पातळ असायला हवे. दाट वाटले तर पाणी घालावे. शाम्पू झाल्यावर हे पाणी केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत ओतावे, टाळूवर चोळू नये. पाच ते दहा मिनिटांनी साध्या पाण्याने भरपूर धुवावे आणि त्यानंतर कंडिशनर लावावे. उरलेले पाणी फ्रिजमध्ये ठेवले तरी दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावे. आठवड्यातून एकदा हे पुरे आहे.

दही ताजे आणि कमी आंबट घ्यावे. खांद्यापर्यंतच्या केसांना चार मोठे चमचे पुरतात. ते घोटून घ्यावे आणि शक्य असल्यास मलमलच्या कापडातून गाळावे, कारण बारीक गुठळ्या केसात अडकल्या की काढता काढता नाकी नऊ येतात. पंधरा ते वीस मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावे. येथे एक बारीकशी गोष्ट महत्त्वाची आहे: गरम पाणी वापरल्यास दह्यातील प्रथिने आवळून त्यांचे कण बनतात आणि ते केसांना चिकटतात. नागपुरात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी चटका लागण्याइतके तापलेले असते, म्हणून दह्याचा लेप सकाळी लवकर धुवावा. त्यानंतर थोडासा सौम्य शाम्पू आणि कंडिशनर.

लेप डोक्याला बांधून रात्रभर ठेवू नये. दह्यात लिंबू पिळू नये, कारण लिंबाचा रस दह्यापेक्षा कितीतरी अधिक आम्ल असतो आणि रंगाने नाजूक झालेल्या टाळूला झोंबतो. खाण्याचा सोडाही टाळावा. तो अल्कधर्मी असल्याने केस पुन्हा फुगतात. दूध किंवा दह्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी दह्याचा लेप घेऊ नये.

तांदळाचे पाणी वापरूनही केस झाडूसारखे ताठ झाले आहेत. कारण काय असावे?

एक नमुना प्रकरण तपशिलात पाहू, कारण त्यात नेहमी दिसणाऱ्या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. असे समजू या की मनीषनगरकडील एका इमारतीत राहणाऱ्या ताईंनी २० व्हॉल्यूमवर तांबूस तपकिरी रंग करून घेतला. इमारतीत उन्हाळ्यात बोअरवेलचे पाणी येते. रंगानंतर त्यांनी शिजवलेल्या भाताची पेज दोन दिवस आंबवून आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी तासभर लावली आणि ‘नैसर्गिक पोषण निघून जाईल’ म्हणून कंडिशनर बंद केले. तीन आठवड्यांत केस ताठ झाले, विंचरताना तुटू लागले आणि तांबूस छटा जवळजवळ गेली.

इथे ‘प्रोटीन जास्त झाले’ असे निदान झटकन केले जाते. पेजेत प्रथिने इतकी थोडी असतात की आधी संशय घ्यावा तो स्टार्चचा. तो दाट होता, तासभर वाळत होता आणि त्यावर घर्षण कमी करणारे काहीच लावले जात नव्हते. दुसरा संशय बोअरच्या जड पाण्याचा. रंगवलेल्या केसावर ऋण विद्युतभार वाढलेला असतो आणि जड पाण्यातील कॅल्शियम त्यावर चिकटून बसते, त्यानेही केस राठ होतात. रंग गेला तो आठवड्याला तीन जादा धुण्यांमुळे.

स्टार्च की पाणी, हे घरीच ताडून पाहता येते. पेज पूर्ण बंद करावी, शाम्पूने एकदा नीट धुवावे आणि डाव्या बाजूचे केस शेवटी नेहमीच्या बोअरच्या पाण्याने, तर उजव्या बाजूचे पिण्याच्या गाळलेल्या पाण्याने धुवावेत. आरओचे पाणी असल्यास उत्तम, कारण साध्या कँडल फिल्टरने क्षार निघत नाहीत. दोन्ही बाजूंना कंडिशनर सारखेच लावावे. तीन-चार धुण्यांनंतर दोन्ही बाजू सारख्याच मऊ झाल्या तर दोष पेजेचा होता. उजवी मऊ आणि डावी राठच राहिली तर पाण्याकडे लक्ष द्यावे लागेल. बोटांनी केसांची बट टोकापर्यंत सरकवून पाहिली की हा फरक कळतो. ताठपणा अशा रीतीने जाऊ शकतो. उतरलेला रंग आणि दुभंगलेली टोके मात्र परत येत नाहीत, त्यासाठी पुन्हा रंग आणि कात्री हेच मार्ग आहेत.

मग लेप चांगला की साधा कंडिशनर?

रंगवलेल्या केसांसाठी कंडिशनर. त्यातील मुख्य घटकांवर धन विद्युतभार असतो आणि रंगवलेल्या केसाच्या झिजलेल्या जागी ऋण भार अधिक असतो, त्यामुळे जेथे नुकसान जास्त तेथेच ते अधिक चिकटतात आणि धुतल्यावरही टिकून राहतात. स्टार्चला अशी ओढ नसते. दही किंवा धुवण कंडिशनरच्या आधी घेण्यास हरकत नाही, पण त्याऐवजी घेऊ नये.

घरगुतीच काही हवे असेल तर खोबरेल तेलाची बाजू या दोन्हींपेक्षा भक्कम आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात धुण्याआधी लावलेल्या खोबरेल तेलामुळे केसातून निघून जाणारे प्रथिन कमी झाल्याचे आढळले, आणि त्यात ब्लीच केलेले केसही होते. हे संशोधन खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीतील संशोधकांनी केले होते, ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी. तरीही प्रत्यक्ष मोजमाप झालेले आहे, जे दह्याच्या बाबतीत दिसत नाही.

दह्याने कोंडा जातो का?

दह्यातील उपयुक्त जंतू टाळूवर वस्ती करून कोंडा घालवतात, या समजुतीला पुरावा नाही. वीस मिनिटांत धुतलेल्या लेपातून ते घडण्याची अपेक्षाही करू नये. सततच्या कोंड्यासाठी किटोकोनाझोलसारखे औषधी शाम्पू असतात. केस रंगवलेले आहेत हे डॉक्टरांना सांगूनच ते घ्यावेत, कारण काही औषधी शाम्पूंनी छटा बदलू शकते.

रंगानंतर टाळूला खाज सुटली आहे. थंडाव्यासाठी दही लावू का?

लावू नये. रंगातील पीपीडी या घटकाची ॲलर्जी बहुधा लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी उठते: कानामागे, कपाळाच्या कडेला आणि मानेवर खाज, लाली, पाणी सुटणे, पापण्या सुजणे. दही या ॲलर्जीवर उतारा नाही आणि पीपीडी ‘शोषून’ही घेत नाही. सोललेल्या त्वचेवर ते झोंबते आणि नेमके कशाने काय झाले हे डॉक्टरांना ओळखणे अवघड होते. केस भरपूर साध्या पाण्याने आणि सौम्य शाम्पूने धुवावेत आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. नागपुरातील मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. जाताना रंगाचा खोका सोबत न्यावा. चेहरा किंवा ओठ वेगाने सुजत असतील, श्वास अडकत असेल, तर ओपीडीची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभागात जावे.

मी रंग नाही, मेंदी लावते. माझ्यासाठी हेच लागू आहे का?

शुद्ध मेंदी केस फुगवून आत शिरत नाही आणि तिच्यात पेरॉक्साइडही नसते, त्यामुळे वर सांगितलेले बरेचसे नुकसान होत नाही. केस कोरडे वाटले तर दह्याचा लेप नंतर घेण्यास हरकत नाही. मेंदीतच दही कालवण्याबद्दल मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी: मेंदीचा रंग प्रथिनाला धरतो आणि दह्यातही प्रथिन असते, म्हणून रंगाचा काही भाग केसांऐवजी दह्याला लागण्याची शक्यता असते. गडद रंग हवा असणाऱ्यांनी दही वेगळ्या दिवशी लावावे. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत बहुधा पीपीडी असते. तेथे ॲलर्जीसंबंधीचे आधीचे उत्तरच लागू होते आणि वापरण्याच्या ४८ तास आधी कानामागे थोडी लावून पाहणे आवश्यक असते.